खाकरणं

हा स्वयंपाकघरात येताना खाकरायला लागलाय, हे माझ्या लक्षात यायला आठेक दिवस गेले. आधी वाटलं, पावसाळा आहे, घसा धरला असेल. एकदा आलं आणि गवती चहा घालून काढाही करून दिला, तर म्हणाला, "कशाला? मला काही झालं नाहीये." आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात पुन्हा तोच आवाज. माझे आजोबा माजघरात यायच्या आधी असे खाकरायचे. आत कुणी पाय पसरून बसलं असेल, कुणाचा पदर ढळला असेल, तर सावरायला वेळ मिळावा म्हणून. त्या घराची ती रीत होती, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. पण नाशिकमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, नवरा बायकोच्या जवळ येण्याआधी खाकरतो? हे ध्यानात आलं तेव्हा मी कणीक मळत होते. हात परातीतच राहिले.

कारण मला ठाऊक होतं.

त्याच्या दहा-बारा दिवस आधीची संध्याकाळ. मी ओट्यापाशी उभी होते, एका शेगडीवर कुकर, दुसरीवर तवा. हा मागून आला आणि माझ्या उजव्या खांद्यावर त्याने हात ठेवला. काही बोलला नाही, नुसता ठेवला. आणि माझा खांदा आपोआप खाली गेला. दोन बोटं खाली गेला असेल, फार तर तीन. मी रागावले नव्हते, वळून पाहिलंसुद्धा नाही. अंगावर माशी बसावी आणि कातडी थरथरावी, तसं ते झालं. त्याचा हात क्षणभर हवेत राहिला असणार, कारण पुढचा आवाज आला तो जरा थांबून: तो घासलेली ताटं फडताळात लावायला लागला. ताटं लावायचं काम त्या वेळी नव्हतंच, ती अजून ओली होती. मी हे सगळं पाठीने ऐकलं. तेव्हा "अरे, तसं नाही" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी कुकरची शिट्टी मोजली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे सांगायला हवं, कारण माझा सगळा दिवस स्पर्शात जातो. सकाळी साडेसातला वॉर्डमध्ये पोचते. गुडघ्याचा सांधा बदललेल्या आजींना दुसऱ्या दिवशी उभं करायचं असतं, म्हणजे माझा एक हात त्यांच्या पाठीमागे कमरपट्ट्यावर आणि माझा गुडघा त्यांच्या गुडघ्यासमोर. अर्धांगवायूच्या पेशंटला बसतं करताना तर तो माणूस पूर्ण माझ्या अंगावर असतो, त्याचा श्वास माझ्या मानेवर. दुपारनंतर ओपीडी: आखडलेले खांदे, धरलेल्या माना, टाचा. दिवसाला चौदा-पंधरा जण. प्रत्येकाची कातडी वेगळी, घाम वेगळा, कुणाच्या अंगाला बामचा वास, कुणाच्या खोबरेल तेलाचा. हाताने शोधायचं असतं: दुखतंय ते कुठे, आखडलंय ते कुठे, आणि माणूस भीतीने स्नायू घट्ट धरून बसलाय ते कुठे. पहिल्या दिवशी आम्ही जोर लावत नाही. दुखणाऱ्या सांध्याला आधी अगदी बारीक, लयीत हलवायचं, अडचण जिथे सुरू होते त्याच्या अलीकडेच थांबायचं. हात लावण्याआधी विचारायचं, "हात लावू का?" नंतर सांगायचं, "आता मी दंड वर नेते." हे मी रोज पंधरा वेळा म्हणते, आणि ते म्हणताना खोटं वाटत नाही. या कामावर माझा जीव आहे.

आणि म्हणून संध्याकाळी सातला मी घरी येते तेव्हा मला कुणाचंही अंग नको असतं. माझं स्वतःचंसुद्धा. आंघोळ करून, ओले केस तसेच ठेवून, गॅलरीत खुर्चीवर बसावं आणि अर्धा तास कुणी 'ए' म्हणूसुद्धा नये, असं वाटतं.

आता त्याचा दिवस. २०२० पासून हा घरूनच काम करतो. सॉफ्टवेअर तपासण्याचं काम, टीम अमेरिकेत, त्यामुळे रात्री नऊला मीटिंग सुरू होतात आणि बारा, कधी साडेबारापर्यंत चालतात. सकाळी साडेआठला उठतो. मी सातला निघताना लेकीलाही आवरून बसमध्ये बसवून जाते. ती दुपारी येते, जेवते, पाळणाघरासारखं चालवणाऱ्या शेजारच्या काकूंकडे जाते. म्हणजे सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सातपर्यंत या माणसाला कुणाचा हात लागत नाही, लेकीचा दुपारी मिनिटभर लागला तर लागला. तो एकदा म्हणाला होता, कुरिअरवाल्याशी तीन वाक्यं बोललो, आज तेवढंच झालं. तेव्हा मी ते गमतीत घेतलं होतं. दिवसभर तो सातची वाट बघतो. मी दिवसभर सातची वाट बघते. दोघं ज्याची वाट बघतो ते मात्र एकमेकांच्या बरोबर उलट आहे. आणि नऊ वाजले की त्याच्या कानात हेडफोन. आम्हाला रोजचे जे दोन तास मिळतात ते माझे सगळ्यात वाईट दोन तास आणि त्याचे सगळ्यात भुकेले.

पण सगळं घड्याळावर ढकलून चालणार नाही. रविवार असतो, सुट्ट्या असतात, आणि त्या दिवशीही त्याची गरज माझ्यापेक्षा जास्तच असते.

हा अमरावतीचा. मोठं घर, दोन काका, आत्या सुट्टीत यायची, उन्हाळ्यात सगळी गच्चीवर झोपायची. संध्याकाळी बादलीने पाणी टाकून गच्ची थंड करायची, मग ओळीने गाद्या. तो सांगतो, रात्री कूस बदलली की कुणाचा तरी पाय अंगावर यायचाच आणि तो कुणाचा, हे बघायची गरज नसायची. आजी रात्री पाय चेपून घ्यायची, नातवंडांची पाळी लागायची, आणि चेपता चेपता तीच याच्या केसांतून हात फिरवायची. एकटं झोपायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदा आली ती पुण्याला हॉस्टेलवर, तेव्हा पहिले कित्येक दिवस उशी पाठीला लावून झोपायचा. हे त्याने मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. मी ऐकलं, छान वाटलं, आणि त्यात माझ्यासाठी काही निरोप आहे हे मला समजलंच नाही.

मी अलिबागजवळच्या एका गावातली. आई-बाबा दोघं शिक्षक. आमच्या घरी प्रेम नव्हतं असं कुणी म्हणेल तर मी भांडेन. पण आमच्याकडे अंगाला हात लागायचा तो ताप बघायला. बाबा हाताची मागची बाजू कपाळावर ठेवायचे आणि आईकडे बघून मान हलवायचे. शनिवारी डोक्याला तेल. संपलं. आई-बाबांना एकमेकांना शिवलेलं मी पाहिलेलं नाही. त्यांचं जवळ असणं दुसऱ्या जागी होतं. कडव्या वालांना मोड आणून ते कोमट पाण्यात घातले की रविवारी सकाळी दोघं पडवीत पाटावर बसून सोलायची. चिमटीत वाल धरायचा, टोकाशी दाबला की साल बोटात राहते आणि डाळिंबी टुणकन पातेल्यात. किलोभर वालांना दोन माणसांना तासभर सहज लागतो. बोलणं जवळजवळ नाहीच. मध्येच बाबा एखाद्या विद्यार्थ्याचं काही सांगायचे, आई 'हं' म्हणायची. मला वाटायचं, नवरा-बायकोनं एकमेकांना वेळ देणं म्हणजे हे. आजही मी एका खोलीत पुस्तक घेऊन बसले आणि तो त्याच खोलीत लॅपटॉप घेऊन बसला, तर माझ्या लेखी ती संध्याकाळ आम्ही एकत्र घालवली. त्याच्या लेखी ती संध्याकाळ आम्ही एकमेकांना भेटलोच नाही.

आपल्या भाषेतही मला याला फारसा आधार सापडत नाही. गोंजारणं, कुरवाळणं, थोपटणं, जवळ घेणं, हे सगळं मुलांसाठी किंवा गाई-वासरांसाठी. मोठ्या दोन माणसांनी भर दिवसा, काही कारण नसताना, एकमेकांना हात लावला तर त्याला शब्द काय? 'लगट'. त्या शब्दाला आधीच नाक मुरडलेलं. चाळिशीच्या पुरुषाला 'मला जवळ घे' म्हणायचं असेल तर त्याने कुठल्या शब्दात म्हणायचं? हा म्हणायचा, "आपण हल्ली बोलतच नाही." मला वाटायचं, बोलतो की आपण. लाईट बिल, फी, त्याच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन, सगळं बोलतो.

त्या दोन-तीन वर्षांत आमचं जे चाललं होतं ते असं. तो जवळ यायचा, मी जरा अंग चोरायचे. मग तो दुसऱ्या दिवशी दोनदा यायचा, कारण पहिलं राहिलेलं असायचं. दोनदा आला की मी आधीच सावध. सोफ्यावर तो शेजारी बसला की मला पाणी आणायला उठावंसं वाटायचं. मी उठले की त्याचा चेहरा पडायचा. चेहरा पडला की मला अपराधी वाटायचं. आणि अपराधी वाटत असताना कुणाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, हे ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. शेवटी रविवारी भांडण. त्यातलं एक वाक्य मला अजून टोचतं. लेक माझ्या मांडीवर आडवी पडली होती, मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते, आणि हा म्हणाला, "तिला कधी नाही म्हणत नाहीस." लेकीसमोर म्हणाला, हे त्याचं चुकलं, आणि ते त्याला लगेच कळलंही. पण तो खोटं बोलत नव्हता. सात वर्षांच्या मुलीला मी नाही म्हणत नाही, कारण ती विचारत नाही. येते आणि चढते. जो विचारून, अंदाज घेऊन, बिचकत येतो त्यालाच नकार मिळतो.

आम्ही एका समुपदेशक बाईंकडे गेलो ते खाकरण्याच्या त्या प्रकरणानंतर. मीच म्हटलं, जाऊया. पहिल्याच भेटीत त्यांनी आमचं हे चक्र कागदावर गोल काढून दाखवलं आणि सांगितलं की याचा बराच अभ्यास झालेला आहे. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांची बोलणी तपासून मांडलंय: एक मागत जातो, दुसरा मागे सरत जातो, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण फक्त समोरच्याच्या वागण्याला उत्तर देतोय. दोघांची गरज मुळात थोडीच वेगळी असते, पण या ओढाताणीत ती वेगळी वेगळी होत टोकाला जाते. मग ज्याला थोडं जास्त हवं असतं तो आसुसलेला दिसायला लागतो आणि ज्याला थोडं कमी हवं असतं तो दगड. त्यांनी एक प्रश्न विचारला, "घरातल्या कामांच्या बाबतीत मागे कोण लागतं?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "मी," "ही." आणि निसटतो कोण, तर हा. म्हणजे मागणारा आणि पळणारा हे कुणाचे स्वभाव नाहीत. ज्याला बदल हवा असतो तो मागतो. एवढ्या साध्या वाक्याने माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. मी थंड आहे का, हे मी कित्येक महिने स्वतःला विचारत होते. त्यानेही गाडीत सांगितलं की तो स्वतःला चिकट समजायला लागला होता. त्याने वापरलेला शब्द हाच, चिकट. ऐकून पोटात तुटलं.

बाईंनी आधी बाकीची चौकशी केली, ती मला महत्त्वाची वाटली. पूर्वीपासून असंच आहे की हल्ली झालंय? झोप, थायरॉइड, कुठलं दुखणं, मन उदास राहतं का, औषधं कुठली चालू आहेत? कारण डिप्रेशनवरच्या काही गोळ्यांनीसुद्धा जवळिकीची इच्छा कमी होते. आणि मागणारा माणूस नकार ऐकून थांबतो की नाही? थांबत नसेल तर तो विषय गरज कमी-जास्त असण्याचा राहतच नाही. आमच्यात तसं काही नव्हतं. हा थांबतो. इतका थांबतो की खाकरतो.

मग दोन वह्या. पंधरा दिवस दोघांनी आपापल्या वहीत लिहायचं, एकमेकांना दाखवायचं नाही: कधी जवळ जावंसं वाटलं, काय हवं होतं, काय झालं. लांबलचक नाही, ओळीभर. पंधरा दिवसांनी त्या वह्या आम्ही बाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या. त्याच्या वहीत रोज तीन-चार नोंदी, आणि मला धरून राहिली ती गोष्ट ही की त्यात त्याने मागितलेलं किती लहान होतं. 'ती चपला काढत असताना पाठीवर हात ठेवावासा वाटला.' 'जेवताना गुडघ्याला गुडघा लागला, तिने काढला नाही. बरं वाटलं.' 'दहा मिनिटं शेजारी बसायला हवं होतं, फोन नको.' मिटल्या डोळ्यांनी मी त्याच्या मागणीचा एक डोंगर समजून बसले होते. नकाराच्या जवळजवळ सगळ्या नोंदी सात ते साडेआठमधल्या. बाकीच्या वेळी त्याने प्रयत्नच सोडला होता.

माझी वही पातळ. पण तिच्यातल्या नोंदींच्या वेळा बघून बाईंनी वही उलटी करून त्याच्यापुढे ठेवली. सहा पाच. सहा दहा. पाच पन्नास. मी सकाळी साडेपाचला उठते, चहा घेते, आणि निघायच्या गडबडीआधी पाच-दहा मिनिटं पलंगाच्या कडेला बसते. त्या वेळी अंग ताजं असतं, कुणी अजून शिवलेलं नसतं, खिडकीतून गार वारा येतो. हा कुशीवर झोपलेला असतो. मी त्याचं पांघरूण सारखं करते. कधी केसांवरून हात फिरवते, कानामागचे केस पांढरे होताहेत ते बघते. एकदा मी लिहिलं होतं, 'त्याच्या पाठीला पाठ लावून पाच मिनिटं पडले. उठवावंसं वाटलं. रात्री साडेबाराला झोपलाय, नको.'

तो बराच वेळ ते पान वाचत राहिला. मग म्हणाला, "हे रोज?"

रोज नाही, पण बहुतेक.

त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो झोपलेला असायचा. मी माझ्या मनाशी हिशोब धरला होता की मी प्रेम करतेय, आणि ते खरंही होतं, पण ज्याच्यासाठी ते होतं त्याच्यापर्यंत ते पोचतच नव्हतं. हे सगळं गोड वाटेल ऐकायला, पण मला त्या खुर्चीत रडू आलं ते आनंदाने नाही. इतकी वर्षं वाया गेल्यासारखी वाटली.

त्यानंतर सगळं जुळून आलं नाही. आधी आम्ही चुकीचाच उपाय केला, तो आमचा आम्हीच ठरवलेला: दिवसातून चार मिठ्या, मोजून. तिसऱ्या दिवशी रात्री आठ पन्नासला मी हात पुसत आले आणि म्हणाले, "एक राहिलीय." तो मिठीत आला आणि लगेच सुटला. म्हणाला, "ही हजेरी नको मला." बरोबर होतं त्याचं. उपकारासारखा दिलेला हात अंगाला कळतो. मला तर तो कळायलाच हवा होता. पेशंटच्या खांद्याला माझं लक्ष दुसरीकडे गेल्याचं लगेच समजतं, तो लगेच आखडतो.

दुसरं जे केलं ते बाईंनी दिलेलं, आणि त्याने फरक पडला. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७० साली मांडलेल्या पद्धतीचं हे साधं रूप होतं. आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. एकाने फक्त घ्यायचं, दुसऱ्याने फक्त द्यायचं, मग पाळी बदलायची. आणि काही आठवडे यातून पुढची पायरी नाही, हे आधीच ठरलेलं. ही शेवटची अट मला किती हवी होती हे मला ती ऐकेपर्यंत माहीत नव्हतं. अकरा वर्षांत नकळत असं झालं होतं की पाठीवरचा हात म्हणजे रात्रीचा प्रश्न. रात्रीच्या प्रश्नाला उत्तर 'नाही' असेल तर मी दुपारच्या हातालाच टाळत होते, म्हणजे पुढे नाही म्हणायची वेळ नको. त्याच्या मनात कित्येकदा ते नसायचंही. त्याला नुसता हात हवा असायचा. आम्ही दोघांनी ते कधी बोलून वेगळं केलंच नव्हतं.

पहिल्या वेळी घ्यायची पाळी माझी होती. शनिवारी दुपार, लेक काकूंकडे, पडदे ओढलेले. त्याने विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, हात. तो माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत बोटं फिरवायला लागला, आणि भराभर फिरवायला लागला, चिंतेने. मी म्हटलं, हळू. याचं कारण मला कामामुळे माहीत होतं. केस असलेल्या कातडीखाली एक वेगळ्या जातीचे बारीक मज्जातंतू असतात, स्वीडनमधल्या संशोधकांनी त्यांवर बरंच काम केलंय. ते संथ असतात: नेहमीच्या स्पर्शाची बातमी मेंदूकडे सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास धावते, यांची जेमतेम एक मीटर. आणि ते जागे होतात ते हळू फिरणाऱ्या, कातडीइतक्याच कोमट हाताने, सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर वेगाने. कुणी शिकवलं नसताना आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तोच हा वेग. तळहातावर हे तंतू जवळजवळ नसतातच. हे मी एका कार्यशाळेत शिकले होते, वहीत लिहूनही घेतलं होतं. त्या शनिवारी पलंगावर पडल्या पडल्या पहिल्यांदा मनात आलं की माझा दिवसभराचा सगळा स्पर्श तळहातातून जातो, शोधणारा, तपासणारा, देणारा. हाताच्या मागच्या बाजूला, पाठीला, मानेला दिवसभरात कुणीच आलेलं नसतं. स्पर्शाने थकलेली मी, आणि स्पर्श झालेलाच नाही अशीही मी. हे सापडल्यावर काही चमत्कार झाला नाही, पुढच्या सोमवारी सातला मला पुन्हा कुणी नकोच होतं. पण त्या दुपारी, दहाव्या-बाराव्या मिनिटाला, माझा खांदा खाली आला. दूर जाणारा नव्हे, सुटलेला. रोज दुसऱ्यांचे बघते म्हणून मला तो फरक ओळखता आला.

त्याची पाळी आली तेव्हा त्याने नुसतं डोक्यावर हात ठेवायला सांगितलं. फिरवायचाही नाही. वीस मिनिटं मी तसाच ठेवला. तो झोपला.

सकाळचं आम्ही काय केलं, तर आठवड्यातून दोन दिवस मी त्याला सहाला उठवते. रोज करून पाहिलं, त्याचं डोकं दुखायला लागलं, दुपारी कामात चुका व्हायला लागल्या. दोन दिवस जमतं. तो डोळे न उघडता सरकून जागा देतो. बाकीचे दिवस मी पूर्वीसारखीच कडेला बसते, फक्त निघताना त्याच्या फोनवर मेसेज टाकून जाते, 'सहा दहा'. एवढंच. साडेआठला तो ते वाचतो. कधी तो उत्तरात वेळ पाठवतो, दुपारची, 'दोन चाळीस', म्हणजे त्या वेळी त्याला आठवण आली. त्याचा हा मेसेज येतो तेव्हा मी बहुधा कुणाचा तरी खांदा वर नेत असते, आणि हात मोकळे झाल्यावर बघते.

त्याला आजही माझ्यापेक्षा जास्त हवं असतं. मला आजही त्याच्यापेक्षा कमी. मधली जागा भरलेली नाही आणि भरेल असं मला वाटत नाही. तो मित्रांबरोबर शनिवारी पहाटे गंगापूर धरणाकडे सायकलने जायला लागलाय, येताना सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चहाच्या टपरीवर उभे असतात, फोटो पाठवतो. त्याच्या आईकडे गेला की तिच्या पायाशी बसून पाय चेपतो. मला आधी वाईट वाटलं, की माझ्याकडून पुरत नाही म्हणून बाहेर. आता तितकं वाटत नाही, पण थोडं वाटतं. आणि मी गॅलरीत अर्धा तास बसते तेव्हा आत त्याचा वावर ऐकू येतो, तो लेकीशी मुद्दाम हळू बोलत असतो, त्या हळू बोलण्याचंही मला ओझं होतं कधीकधी. तो ते माझ्यासाठी करतोय हे माहीत असूनही.

परवा गुरुवारी आईने गावाहून वाल पाठवले होते ते मी भिजवून, मोड आणून, पाण्यात टाकले होते. सात वाजून गेलेले, त्या दिवशी ओपीडीत सतरा पेशंट झाले होते, मनगटं ठणकत होती. ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून मी ते रोळीत उपसत होते. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. मी खाकरण्याची वाट बघत होते, नकळत पाठ ताठ केली होती. आवाज आला तो वेगळा.

"हात लावू का?"

माझंच वाक्य, रोज पंधरा वेळा म्हणते ते. मी स्वतःला विचारून पाहिलं, खरंच, घाई न करता.

"आत्ता नको," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. मग त्याने खालचं स्टूल ओढलं, रोळी स्वतःकडे घेतली आणि एक वाल उचलून विचारलं, "हा कुठल्या टोकाला दाबायचा?"